दोन लाखांत सहा संगणक शाळेतच जुळवण्याचा प्रस्ताव

चिपळूण
दि. २० जून २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विभाग

विषय : माजी विद्यार्थ्यांच्या २,००,००० रुपयांच्या देणगीतून सहा संगणक शाळेतच जुळवून संगणक कक्ष सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

२२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरची आपली संगणक खोली फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत बुडाली. त्यानंतर देणगीत आलेल्या तीन जुन्या यंत्रांवर आपण भागवत आहोत. आठवी 'ब'मध्ये ३८ मुले आहेत. एक जण कीबोर्डवर बसतो आणि बाकीचे मागे उभे राहून बघतात. गेल्या वर्षी एका मुलीने पाढे छापणारा प्रोग्रॅम वहीत लिहून आणला होता. तो चालवून बघायला तिची पाळी अकरा दिवसांनी आली, तोवर वहीचे ते पान घडी पडून मऊ झाले होते. हे मला फार लागले, म्हणून हा प्रस्ताव.

निधी ठरलेला आहे आणि त्यात भर पडणार नाही, हे धरूनच मी हिशेब मांडला आहे. चिपळूण आणि रत्नागिरीच्या दुकानांतून तोंडी विचारलेले हे भाव जीएसटीसह आहेत. एका संगणकाचा खर्च असा :

प्रोसेसर `i3-12100`, पंख्यासह : १०,२००
`H610` मदरबोर्ड : ५,८००
८ जीबी रॅम : १,७००
२५६ जीबी एसएसडी : १,७००
कॅबिनेट व एसएमपीएस : ३,१००
कीबोर्ड-माऊस : ७००
मॉनिटर : ५,८००
एकूण : २९,०००

सहा संगणकांचे १,७४,००० होतात. सहा यूपीएसचे १४,४०० आणि नेटवर्क स्विच व केबलचे ३,६०० धरून बेरीज १,९२,००० वर जाते. उरलेले ८,००० राखीव ठेवावेत. त्यातून सर्वांत आधी पहिल्या मजल्यावरच्या खोलीचे अर्थिंग तपासून घेऊ. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी येते-जाते ते आपण जाणताच. अर्थिंग नीट नसेल तर नवी यंत्रे लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकी रकमेत एक जादा एसएमपीएस आणि दोन माऊस घेता येतील.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. याच प्रोसेसरचा `i3-12100F` हा प्रकार थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. म्हणून कोटेशनमध्ये आणि बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, ही विनंती.

याच पैशांत वापरलेले दहा संगणक येतील, असे मला एका विक्रेत्याने सुचवले. आकडा मोहात पाडणारा आहे. पण आपल्या तीन यंत्रांपैकी एक कायम दुरुस्तीला असते, आणि जुन्या भागांना वॉरंटी मिळत नाही. तयार ब्रँडेड संगणकाची जबाबदारी एकच कंपनी घेते, ही सोय आपण गमावू, हे मान्य आहे. आपल्याकडे प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी राहील. ती बिले आणि खोकी सांभाळण्याचे काम मी घेतो. उद्या एसएमपीएस गेला तर तेवढाच बदलून त्याच दिवशी यंत्र चालू करता येईल.

जुळणी दोन शनिवारी, शाळा सुटल्यावर नववीच्या बारा मुलामुलींसह करावी असे वाटते. प्रोसेसर मात्र मीच बसवीन. त्याच्या पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. कोपऱ्यातली त्रिकोणी खूण जुळवून तो अलगद ठेवायचा असतो, बोटाचा जोर पडला तर पिन वाकते आणि वॉरंटीही जाते. रॅम 'टक्' आवाज येईपर्यंत दाबणे, एसएसडीचा बारीक स्क्रू आवळणे, केबल ओळखून जोडणे ही कामे मुले करतील. पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला मदरबोर्ड त्यांच्या हातात येईल.

सर्व यंत्रांवर उबुंटू लिनक्स टाकू. त्याला परवाना शुल्क नाही. लिबरऑफिस, स्क्रॅच, पायथन आणि मराठी टंकलेखन त्यावर चालते. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सच वापरत आहेत. जुन्या तीन यंत्रांवरच्या विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार आहेत, तेव्हा त्यांवरही लिनक्सची हलकी आवृत्ती घालावी लागेल.

आपली संमती मिळाल्यास तीन दुकानांची लेखी कोटेशन मागवून शाळा समितीपुढे ठेवतो. पैसे शाळेच्या धनादेशानेच थेट दुकानदाराला द्यावेत आणि प्रत्येक भाग अनुक्रमांकासह जडसंग्रह नोंदवहीत चढवावा. जुलैअखेर खरेदी झाली तर गणपतीच्या सुट्टीआधी कक्ष चालू होईल. समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
विज्ञान शिक्षक व वर्गशिक्षक, आठवी 'ब'

सोबत : पहिल्या मजल्यावरील खोलीचा टेबल व प्लग पॉइंट दाखवणारा हाती काढलेला नकाशा