वर्गताईंना शिक्षक दिनाचे पत्र

नाशिक,
५ सप्टेंबर २०२४

आदरणीय ताईंना,

मोठ्या शिशुगटातल्या ईशानचा साष्टांग नमस्कार.

मला अजून जोडाक्षरे लिहिता येत नाहीत, म्हणून हे पत्र मी सांगतो आहे आणि माझी आई लिहून घेत आहे. आईने वाक्ये नीट केली आहेत, पण प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर तिने ते मला वाचून दाखवले आणि जिथे मी ‘असे नाही’ म्हणालो तिथे खोडून पुन्हा लिहिले.

ताई, आज शिक्षक दिन आहे म्हणून मला तुमचे आभार मानायचे आहेत. सगळ्यांत मोठे आभार पाण्याबद्दल आहेत.

जून महिन्यात आम्ही सटाण्याहून नाशिकला राहायला आलो. सटाण्याला मी दिवसभर आजीजवळ असायचो आणि आजी अहिराणी बोलते, म्हणून मीही तशीच बोलतो. शाळेच्या दुसऱ्या दिवशी मला फार तहान लागली होती. तेव्हा मी उभा राहून ‘माले पानी जोयजे’ असे म्हणालो आणि सगळी मुले हसली. मला वाटले की मी काहीतरी वाईट बोललो. त्यानंतर मी शाळेत बोलायचेच नाही असे ठरवले आणि खूप दिवस बोललो नाही. पाण्याची बाटली भरलेली असली तरी झाकण घट्ट असायचे, आणि ते उघडून द्या असे सांगावे लागेल म्हणून मी पाणी न पिताच घरी यायचो. (ही गोष्ट मला हे पत्र लिहून घेतानाच कळली. बाटली रोज भरलेली परत येत होती आणि त्याला तहान लागत नसेल असे मी समजत होते, याचे मला फार वाईट वाटते. – आई)

तुम्ही मला ‘बोल, बोल’ असे कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही चिंचोक्यांचा डबा घेऊन माझ्याशेजारी सतरंजीवर बसायचात आणि आपण दोघे न बोलता दहा-दहा चिंचोक्यांच्या ओळी लावायचो. एकदा तुम्ही माझी बाटली हातात घेतलीत, झाकण उघडलेत आणि अगदी हळू आवाजात मला विचारलेत, ‘तुले पानी जोयजे का?’ माझी आजी विचारते तसेच तुम्ही विचारलेत. मी ‘हां’ म्हणालो आणि अर्धी बाटली पाणी प्यायलो.

मग तुम्ही सगळ्या मुलांना सांगितलेत की ईशानला एक भाषा जास्त येते आणि आज आपण ती त्याच्याकडून शिकायची आहे. सगळ्यांनी ‘माले पानी जोयजे’ म्हटले, तुम्हीही म्हटलेत. ‘जोयजे’ तुम्हाला आधी नीट म्हणता येत नव्हते, म्हणून मी तुम्हाला तीनदा म्हणून दाखवले. आता आमच्या वर्गात ज्याला तहान लागते तो तसेच म्हणतो. माझ्याशेजारी बसणारी मुलगी तर तिच्या घरीही म्हणते. कोणीही हसत नाही.

पोळ्यासाठी आपण मातीचे बैल केले, तेव्हा माझ्या बैलाचे शिंग मोडले होते. तुम्ही बोट पाण्यात बुडवून ते पुन्हा चिकटवून दिलेत, त्याबद्दलही आभार. तो बैल आमच्या खिडकीत ठेवला आहे.

काल तुम्ही सांगितलेत की आजच्या दिवशी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म झाला, ते आधी शिक्षक होते आणि नंतर आपल्या देशाचे राष्ट्रपती झाले. मी घरी बाबांना विचारले, तेव्हा बाबा म्हणाले की त्यांच्या घरी तेलुगू बोलत असत. मग ते लहान असताना शाळेत त्यांना तहान लागली तर ते कोणत्या भाषेत पाणी मागत असतील, हे मला तुम्हाला विचारायचे आहे. त्यांनाही तुमच्यासारख्या ताई असतील असे मला वाटते.

ताई, मला तुम्ही खूप आवडता. रविवारी तुम्ही भेटत नाही, ते मला आवडत नाही.

परवा गणपती बसणार आहेत म्हणून उद्या माझी आजी सटाण्याहून येणार आहे. मी तिला फोनवर सांगितले की आमच्या ताईंना तुझ्यासारखे बोलता येते, पण तिला ते खरे वाटत नाही. गणपतीची सुट्टी संपली की मी तिला शाळेच्या दारापर्यंत घेऊन येईन. तेव्हा तुम्ही तिला ‘पानी जोयजे का’ असे नक्की विचारा. मी हे तिला आधी सांगणार नाही.

तुमचा लाडका,
ईशान

(नाव त्याने स्वतः लिहिले आहे. ‘शा’चा काना तेवढा राहिला होता, तो त्याने नंतर आठवणीने दिला. – आई)