अग्निशामक यंत्रांची मासिक तपासणी: बी विंग

तारीख: ५ जून २०२५ | तळमजला ते ७ वा मजला, मीटर रूम, लिफ्ट मशीन रूम

प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, हात लावून मगच खूण करावी. जिन्यातून नजर टाकून भरलेला तक्ता आगीच्या वेळी घात करतो. 'नाही'वर खूण असेल तर शेरा लिहिलाच पाहिजे.

| क्र. | मुद्दा | होय | नाही | शेरा |
|---|---|---|---|---|
| १ | यंत्र जागेवर, समोर अडथळा नाही | ☐ | ☑ | ३ ऱ्या मजल्यावर यंत्रापुढे सायकल व चपलांचं कपाट. समक्ष सांगून हलवलं. पुढच्या महिन्यात आधी इथेच पाहावं. |
| २ | दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात (एबीसी पावडर) | ☑ | ☐ | |
| ३ | सेफ्टी पिन व सील शाबूत | ☐ | ☑ | ५ वा मजला: सील तुटलेलं, पिन आहे. मुलांनी ओढलं असावं. |
| ४ | होज, नोझल: चीर किंवा जाळी नाही | ☑ | ☐ | तळमजल्याच्या नोझलमधली कोळ्याची जाळी काढली. |
| ५ | सीओटू यंत्राचं वजन पुरेसं (मीटर रूम, ४.५ किलो) | ☐ | ☑ | ६०० ग्रॅम घट. या यंत्राला काटा नसतो, वजनावरूनच कळतं. घट १० टक्क्यांहून जास्त, म्हणून रिफिल आवश्यक. |
| ६ | रिफिलची तारीख लेबलवर वाचता येते | ☑ | ☐ | |
| ७ | सिलिंडरला गंज, पोचा नाही | ☑ | ☐ | मशीन रूममध्ये ओल. पावसाळ्यात लक्ष ठेवावं. |

निर्णय: सीओटू यंत्र आजच रिफिलला द्यावं. ते परत येईपर्यंत मीटर रूममध्ये ए विंगचं जादा सीओटू यंत्र ठेवावं.

तपासणी करणारे: सही/- (समिती सदस्य, बी विंग) ५/६/२०२५

सोबत हजर: सही/- (सुरक्षारक्षक, दिवसपाळी) ५/६/२०२५

पाहिले, रिफिल मंजूर: सही/- (सचिव) ५/६/२०२५