नववी ब, भूगोल : ‘आपलं पाणी’ सादरीकरणांचं परस्पर मूल्यमापन

पुढच्या सोमवारपासून बुधवारपर्यंत रोज दोन गट सादरीकरण करतील. प्रत्येक गटाला ८ मिनिटं बोलायला आणि ३ मिनिटं प्रश्नोत्तरांना मिळतील. त्यानंतरची ४ मिनिटं मूल्यमापन करणाऱ्यांची. त्या वेळेत वर्गात कुणी बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही.

प्रत्येक गटाला दोन गट गुण देतील. उरलेले तीन गट प्रश्न विचारतील. सादरीकरणाच्या दिवशी कोणत्याही गटावर मूल्यमापनाची जबाबदारी नाही, त्यामुळे आपली तयारी सोडून दुसऱ्याचे गुण मोजत बसावं लागणार नाही.

| वार | सादर करणारा गट | विषय | गुण देणारे गट |
|---|---|---|---|
| सोमवार | गोदावरी | जायकवाडी धरण | पांझरा, कोयना |
| सोमवार | भीमा | आपलं उजनी | मांजरा, खाम |
| मंगळवार | पांझरा | धुळे-नाशिक भागातली फड पद्धत | गोदावरी, मांजरा |
| मंगळवार | कोयना | कोयना धरण आणि १९६७ चा भूकंप | भीमा, खाम |
| बुधवार | मांजरा | लातूरची पाण्याची रेल्वे, २०१६ | कोयना, गोदावरी |
| बुधवार | खाम | मलिक अंबरची नहर-ए-अंबरी | भीमा, पांझरा |

आधी नोंद, मग गुण

या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच. सादरीकरण चालू असताना गुण लिहू नका. काय ऐकलं आणि काय दिसलं, ते दोन-चार शब्दांत टिपून ठेवा. सादरीकरण संपल्यावर ती टिपणं वाचा, खालच्या वर्णनांशी ताडून पाहा आणि मग आकडा लिहा. प्रत्येक निकषाच्या गुणासमोर निदान एक नोंद हवी. नोंद नसलेला गुण मी धरणार नाही.

‘छान झालं’, ‘मस्त बोलले’, ‘कंटाळा आला’ या नोंदी नव्हेत. त्यातून समोरच्या गटाला काय ठेवायचं आणि काय बदलायचं, ते कळत नाही. ‘नकाशावर मिरज आणि लातूर दोन्ही दाखवले, त्यामुळे अंतर कळलं’ ही नोंद झाली. ‘तिसरी मुलगी तक्त्याकडे तोंड करून वाचत होती, मागच्या बाकावर ऐकू आलं नाही’ हीसुद्धा नोंदच. कडू असली तरी खरी आहे आणि उपयोगाची आहे.

एकूण गुण २०. निकष पाच आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

१. माहिती खरी आणि नेमकी आहे का? (६ गुण)

सर्वांत जास्त गुण इथे आहेत, म्हणून सर्वांत जास्त लक्षही इथेच द्या. ऐकताना तीन गोष्टी बघा.

पहिली, नेमकेपणा. ‘लातूरला रेल्वेने खूप पाणी आणलं’ एवढ्याने काही कळत नाही. ‘एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुटलेल्या पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी लातूरला पोचवलं’ असं सांगितलं, की ते पाणी शहराला किती पुरेल याचा हिशेब ऐकणाराही करू लागतो. गाव, नदी, साल, आकडा, ज्याला जे लागतं ते आलं का, ते टिपा.

दुसरी, चूक. एखाद्याने जायकवाडी कृष्णा नदीवर आहे असं म्हटलं तर ती चूक आहे; ते पैठणजवळ गोदावरीवर आहे. पण तुम्हाला नुसती शंका असेल तर ती चूक म्हणून धरू नका. ‘हे तपासावं’ असं लिहा. मी पुस्तकातून तपासून सांगेन आणि मगच तो गुण ठरेल.

तिसरी गोष्ट, दावा आणि त्याचा आधार. कोयना गटाच्या विषयात ही फार महत्त्वाची आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगरला मोठा भूकंप झाला, ही घटना आहे. तो जलाशयातल्या पाण्यामुळे झाला, हा अनेक शास्त्रज्ञांनी अभ्यासातून मांडलेला निष्कर्ष आहे. घटना आणि निष्कर्ष यांतला फरक गटाने सांगितला का? ही माहिती कुठून मिळवली, ते बोलताना किंवा तक्त्यावर आलं का?

५–६ गुण : माहिती नेमकी, ठळक चूक नाही, निदान दोन ठिकाणी माहिती कुठली ते सांगितलं.
३–४ गुण : बहुतेक माहिती बरोबर, पण काही ठिकाणी मोघम, किंवा एखादी चूक.
१–२ गुण : बराचसा भाग मोघम, किंवा मुख्य मुद्द्यातच चूक.

२. ऐकणाऱ्याला समजलं का? (५ गुण)

माहिती बरोबर असूनही डोक्यावरून जाऊ शकते. उजनीबद्दल बोलताना भीमा गट ‘टीएमसी’ हा शब्द नक्की वापरेल, कारण आपल्याकडच्या बातम्यांत तो रोज असतो. पण १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, हे सांगितलं तरच तो आकडा कळतो. पांझरा गटाने ‘पाटकरी’ आणि ‘जागल्या’ हे शब्द वापरले, तर फडातलं पाणी वाटून देणारा कोण आणि पिकाची राखण करणारा कोण, हे त्यांनी उलगडून सांगायला हवं. नवा शब्द आला की वहीत त्याला एक खूण करा. तो समजावला गेला तर दुसरी खूण करा. शेवटी किती शब्दांना एकच खूण राहिली ते बघा.

मांडणीचा क्रमही याच निकषात मोजायचा. एका मुद्द्यातून पुढचा मुद्दा निघाला का, की सहा जणांनी सहा वेगवेगळे परिच्छेद वाचले? खाम गटाने आधी डोंगराजवळचं पाणी, मग जमिनीखालचा कालवा, मग शहरातले हौद अशी पाण्याचीच वाट धरली, तर ऐकणारा आपोआप मागोमाग जाईल. त्यांनी सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे मलिक अंबरचंच चरित्र सांगितलं, तर पाणी शहरात पोचलं कसं हे कळणारच नाही. असं झालं तर तसं लिहा.

५ : मी घरी जाऊन हा विषय दुसऱ्याला समजावू शकेन.
३–४ : मुख्य गोष्ट कळली, एक-दोन ठिकाणी धागा तुटला.
१–२ : शेवटपर्यंत विषयाचा गाभा कळला नाही.

वरची पहिली ओळ मनापासून तपासा. ‘मी समजावू शकेन’ असं लिहिलंत, तर मी एखाद्याला उभं करून समजावायला सांगेन.

३. प्रश्नांची उत्तरं (४ गुण)

पाठ केलेलं भाषण आणि समजून घेतलेला विषय यांतला फरक प्रश्न विचारल्यावर दिसतो. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आलंच पाहिजे, असं नाही. ‘हे आम्ही शोधलं नाही, पण आम्हाला वाटतं की…’ असं सांगून कारण देणाऱ्या गटाला पूर्ण गुण मिळू शकतात. काहीतरी ठोकून देणाऱ्याला नाही.

४ : प्रश्न नीट ऐकला, कारणासह उत्तर दिलं, माहीत नव्हतं तिथे तसं स्पष्ट सांगितलं.
२–३ : उत्तर दिलं, पण सादरीकरणातलीच वाक्यं परत आली.
१ : प्रश्न टाळला किंवा अंदाज खरा म्हणून सांगितला.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी : अडवायला विचारू नका, तुम्हाला खरोखर जाणून घ्यायचं असेल तेच विचारा. ‘फडात पाणी कमी पडलं तर कोणाचं शेत आधी भिजतं?’ असा प्रश्न सगळ्या वर्गाला पुढे नेतो.

४. गट म्हणून काम (३ गुण)

सहाही जणांनी सारखी मिनिटं बोलायची अट नाही. कुणी नकाशा काढला असेल, कुणी आकडे जमवले असतील. बघायचं ते एवढंच : एकजण अडखळला तर दुसऱ्याने सावरलं का, प्रश्नांची उत्तरं एकापेक्षा जास्त जणांनी दिली का, आणि कुणी काय केलं ते गटाने सांगितलं का. तिन्ही दिसलं तर ३, दोन दिसली तर २, एखादीच दिसली तर १.

५. आवाज, तक्ते, वेळ (२ गुण)

मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं आणि तक्ता वाचता आला तर १. आठ मिनिटांत, अर्धा मिनिट इकडे-तिकडे चालेल, पूर्ण झालं तर १. बस्स. पीपीटी केली की हाताने काढलेला तक्ता लावला, याने गुण कमी-जास्त होत नाहीत. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांचं नुकसान मला नको आहे.

कशाला गुण द्यायचे नाहीत

उच्चाराला आणि बोलीला. आपल्या वर्गात कुणाच्या घरी कन्नड बोलतात, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या उर्दू. ‘पानी’ म्हटलं की ‘पाणी’, याने माहिती बदलत नाही. कपडे, हसणं, घाबरणं, तक्त्याची सजावट यांनाही गुण नाहीत. मैत्रीला नाहीत आणि भांडणालाही नाहीत. ज्याच्याशी तुमचं आठवडाभर बोलणं नाही, त्याच्या गटाला गुण देताना प्रत्येक नोंद पुन्हा वाचा आणि ती खरंच कानांनी ऐकलेली आहे का, ते बघा. जिवलग मैत्रिणीच्या गटाबाबतही हेच.

भरलेल्या पानाचा नमुना

हा मी तयार केलेला नमुना आहे, कोणत्याही गटाबद्दल नाही. विषय धरला आहे ‘मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी’. तुमचं पान याच क्रमाने लिहा.

माहिती, ४/६. रब्बी हंगाम, काळी खोल जमीन हे नेमकं सांगितलं. ‘उत्पादन भरपूर होतं’ म्हणाले, आकडा नाही. माहिती कुठली ते एकदाच सांगितलं.

समजलं का, ४/५. जमिनीतल्या ओलाव्यावर पीक कसं येतं, ते चित्रातून कळलं. ‘कोरडवाहू’ समजावलं. कडब्याचा मुद्दा मध्येच आला, आधीच्याशी जोडला नाही.

प्रश्न, ४/४. ‘ऊस का लावत नाहीत?’ याला पाण्याचं कारण दिलं. भावाबद्दल माहीत नाही असं सरळ सांगितलं.

गट, २/३. मुलगा अडखळल्यावर शेजारच्या मुलीने सावरलं, उत्तरं तिघांनी दिली. कोणी काय केलं ते सांगितलं नाही.

आवाज-वेळ, १/२. ऐकू आलं, तक्ता दिसला. दहा मिनिटं घेतली.

एकूण १५/२०.

हे नक्की ठेवा : ओलाव्याचं चित्र. हे बदला : उत्पादनाचा एक तरी आकडा शोधून घाला.

शेवटच्या दोन ओळी सर्वांनी लिहायच्याच. ‘हे बदला’मध्ये एकच गोष्ट लिहा, आणि ती गटाला पुढच्या वेळी करता येण्यासारखी असावी.

नंतर काय होईल

बारा जणांच्या एकूण गुणांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी बाजूला ठेवून उरलेल्या दहांची सरासरी काढू. मीही याच निकषांवर २० पैकी गुण देईन. तुमची सरासरी आणि माझे गुण यांचा मध्य हा गटाचा अंतिम गुण. एकाच गटाला एकाने ९ आणि दुसऱ्याने १८ दिले असतील, तर दोघांची पानं मी शेजारी ठेवून वाचेन आणि दोघांशी बोलेन. ज्याच्या नोंदी भक्कम, त्याचा आकडा राहील.

नोंदींची पानं नावं झाकून संबंधित गटाला गुरुवारी मिळतील. एखादी नोंद अन्यायाची वाटली तर गटाने शुक्रवारी मधल्या सुट्टीपूर्वी लेखी सांगावं : कोणती नोंद, आणि सादरीकरणात प्रत्यक्ष काय झालं होतं. कोणी लिहिलं हे शोधत फिरायचं नाही.

पानं त्या-त्या दिवशी तास संपताना माझ्या टेबलावर ठेवा. घरी नेलेलं पान धरलं जाणार नाही.

— भूगोल शिक्षिका, नववी ब