आबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा व्हिडिओ

(स्वयंपाकघरात उभा. मोबाइल आडवा.)

आबा, आज्जी, नमस्कार करतो! आबा, ऐंशीव्या वाढदिवसाच्या लई लई शुभेच्छा!

इथं टोरांटोत रात्रीचे साडेनऊ वाजलेत, म्हणजे तिकडं सकाळचे सात. तुम्ही रंकाळ्यावरनं फेरी मारून आला असाल आणि आज्जी म्हणत असेल, "आज तरी लवकर यायचं होतंसा!"

(डबा कॅमेऱ्याजवळ धरून)

आज्जी, हे बघ. तुझी कांदा-लसूण चटणी, तळाला दोनच चमचे उरलीय. पुरवून पुरवून खातोय. मागच्या रविवारी तांबडा रस्सा केला, तर घरातला धुराचा अलार्मच वाजला. शेजारीण पळत आली, आणि वाटीभर रस्सा घेऊनच गेली!

आबा, गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध प्यायला तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा. फेसाची मिशी तुम्हीच धोतराच्या सोग्यानं पुसायचा. इथलं दूध खोक्यातनं येतं, त्याला फेसच न्हाई.

आज पेढा एकच खायचा हं. आज्जी, लक्ष ठेव.

दिवाळीला येतोय, तिकीट काढलंय. सायकलीत हवा भरून ठेवा, आबा. ह्या वेळी दांडीवर तुम्ही!

(वाकून नमस्कार)