सुट्टीतली चित्रकोडी: चार चित्रांसाठी सूचना

ताई, मे महिन्यातल्या आपल्या शनिवारच्या वाचनकट्ट्यासाठी चार चित्रं हवी आहेत. मुलं सहा ते नऊ वर्षांची, नौपाडा आणि पाचपाखाडीतली. कागद ए-थ्री, आडवा, रंगीत. एका चित्राभोवती चार-पाच डोकी जमतात, म्हणून कोणतीही लपलेली वस्तू मुलाच्या अंगठ्याच्या नखाहून लहान नको.

एक विनंती चारही चित्रांना लागू आहे. वस्तू अंधारात, कोपऱ्यात किंवा दुसऱ्या वस्तूखाली दाबून लपवू नका. गेल्या वर्षीच्या एका चित्रात किल्ली सावलीत गेली होती. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "दिसतच नाही, तर शोधायचं काय?" त्याचं बरोबर होतं. वस्तू पूर्ण दिसावी, उजेडात असावी, पण तिच्यासारख्याच आकाराच्या वस्तूंच्या रांगेत बसलेली असावी. म्हणूनच चित्र नीटनेटकं हवं. पसाऱ्यात काहीही लपतं. रांगेत लपलेलं सापडलं की मूल ओरडतं, "अरे, समोरच तर आहे!" मला ती आरोळी हवी आहे.

चित्र पहिलं: आजीचं फडताळ

नौपाड्यातल्या जुन्या चाळीतलं स्वयंपाकघर. समोरून पाहिलेलं लाकडी फडताळ, पाच फळ्या, दारं उघडी. सकाळचं ऊन डावीकडून येतंय. सगळ्यात वर उतरत्या क्रमाने लावलेले पितळी डबे. त्याखाली लोणच्याच्या बरण्या, कापडाचे दादरे बांधलेल्या. तिसऱ्या फळीवर ताटाळं, त्यात उभी ताटं आणि ताटल्या, शेजारी उघडा मसाल्याचा डबा, सात वाट्यांचा: हळद, तिखट, मोहरी, जिरं, धने, मिरी, लवंग. चौथ्यावर सोऱ्या, मोदकाचा साचा, किसणी, खलबत्ता, कातणं. खाली दोन टोपल्या, एकीत कांदे, दुसरीत लसणीचे गड्डे, आणि मधे आवळ्यांचं ताट. उजव्या बाजूच्या खुंट्यांवर झारा, कालथा, पळी, डाव, रवी आणि सुतळीची गुंडाळी.

लपवायच्या वस्तू आठ. कांद्यांत लाल भोवरा, टोक खाली आणि जाळी नसलेला. लसणीत बॅडमिंटनचं फूल, पिसं वर करून. ताटाळ्यात ताटांच्या मधे फणी. मिऱ्यांच्या वाटीत चार भोकांचं काळं बटण. मिरे थोडे मोठेच काढा म्हणजे बटण वेगळं उठून दिसणार नाही. आवळ्यांत हिरवी काचेची गोटी, पळ्यांच्या रांगेत लांब दांड्याची किल्ली, एका बरणीच्या गळ्यात हिरवी बांगडी. आठवं मांजर. ते फडताळावर उलट्या पातेल्यामागे बसलंय, कानांची टोकं तेवढी दिसतात, आणि शेपूट सुतळीशेजारी खुंटीवरून खाली लोंबतंय. शेपटाची जाडी सुतळीच्या गुंडाळीच्या टोकाइतकीच ठेवा.

चित्राखाली हे छापायचं:

कांद्यांमध्ये एक जण
एका पायावर नाचे;
लसणीत एक फूल,
फूल कसले? पिसांचे!

दात आहेत, चावे ना,
ताटांमध्ये उभी राहे;
चार डोळ्यांचं ते काळं
मिऱ्यांच्या आडून पाहे.

खुंटीवर ती सुतळी
जरा निरखून पाहा;
ओढून बघाल तर
नखं फुटतील दहा!

दहाच नखं, कारण मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच असतात. कुणी ना कुणी हे विचारणारच. किल्ली, गोटी आणि बांगडी ओव्यांत नाहीत, त्यांच्या बाह्यरेषा तळाच्या पट्टीत काढा.

चित्र दुसरं: खाडीवरचे पाहुणे

ठाणे खाडी, ओहोटीची वेळ, मागे ऐरोलीचा पूल बारीक रेषेत. समोर उथळ पाण्यात बारा छोटे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, दोन रांगांत. चोच गडद लाल, जवळजवळ काळी. खाताना डोकं उलटं होतं आणि चोचीची वरची बाजू खाली जाते, हे चार-पाच पक्ष्यांत दिसू द्या. दोन पिल्लं राखाडी असू देत, कारण गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो आणि मुलांना हे फार आवडतं.

यातले पाच पक्षी एका पायावर उभे, सात दोन्ही पायांवर. एकही पाय दुसऱ्यामागे जाऊ देऊ नका आणि पाण्यात पायांचं प्रतिबिंब मुळीच काढू नका, नाहीतर मोजणी बिघडेल.

काठावर तिवरं, आणि चिखलातून वर आलेली त्यांची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं दाट, सरळ रांगांत. त्यांत एक खरी पेन्सिल उभी. रोहितांच्या माना जिथे वाकतात तिथे एक छत्रीची मूठ, गुलाबीच. चिखलावर एक निवटी, एक मोठी नांगी असलेला खेकडा, आणि वाशाच्या टोकावर खंड्या. हे तिघे लपलेले नाहीत, पण ज्या मुलाला नावं माहीत आहेत ते इतरांना सांगेल.

बारा पाहुणे पाण्यात,
पाय फक्त एकोणीस!
एका पायावर किती?
लाव डोकं, काढ कीस.

चित्र तिसरं: पनवेल लोकल

हे माझं सगळ्यात लाडकं. हार्बर मार्गावर बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल ही पाच स्टेशनं याच क्रमाने येतात आणि पाचही नावं चित्रांत फोडता येतात. एक लोकल बाजूने काढा, पाच डबे, प्रत्येक डब्याला एकच मोठी खिडकी. डब्यावर नाव नाही, खिडकीतलं चित्र वाचायचं.

पहिल्या खिडकीत बेलाचं त्रिदल, शेजारी "आ" वासलेलं मूल आणि मागे रस्त्यावर आलेला पूर. दुसरीत खार, छोट्या कौलारू घराच्या दारात. तिसरीत जिराफाची फक्त मान, निळ्या सरोवरातून वर आलेली. चौथीत माणसाचा खांदा आणि त्यावर शंकराची पिंडी. इथे गणपती काढायचा मोह होईल, पण मग मुलं "खांदेगणपती" वाचतील. पाचवीत पान आणि वेल. पानाच्या देठापाशी "ा" हा काना पडलेला आणि एक अळी तो खातेय, म्हणजे पानाचं पन होईल. अळी ठळक असू दे, ती नसेल तर कोडं सुटत नाही.

फलाटावर सामान ओळीने: टिफिन, छत्र्या, कुंड्या, पत्र्याच्या पेट्या, हातगाडी. त्यात प्रत्येक खिडकीचा एक धागा लपवा: बेलफळ, अर्धवट खाल्लेली भुईमुगाची शेंग, जिराफाच्या ठिपक्यांची पिशवी, डमरू, सुपारी. दाण्याच्या टरफलांवरून खारीपर्यंत पोचलेलं मूल मी खरंच बघितलंय.

चित्र चौथं: आंब्याची पेटी

वाशीच्या फळबाजारातली एकच उघडी पेटी, थेट वरून. पेंढा, आणि चार ओळींत सहा-सहा आंबे. चोविसातला एक आंबा नाही. ती पितळेची कोयरी आहे, हळदीकुंकवाची, त्याच आकाराची, त्याच पिवळ्या छटेची, फक्त झाकणाची बारीक रेघ आणि बिजागरी दिसते. ओव्या नकोत. खाली एकच ओळ: "यातला कोणता आंबा कधीच पिकणार नाही?"

आधी चारही कच्ची रेखाटनं पेन्सिलीत पाठवा. ती मी माझ्या भाचीला दाखवेन. ती सात वर्षांची आहे आणि पटकन कंटाळते. तिला फडताळातल्या आठांपैकी चार पहिल्या पाच मिनिटांत सापडले नाहीत तर आपण बदलू. उत्तरांचं पान वेगळं हवं, त्यावर तेच चित्र फिकट करून वस्तूंभोवती लाल गोल. ते मी कुलपात ठेवते.