आजच्या मापाचे कपडे

अध्यक्षबाई आणि मैत्रिणींनो, नमस्कार.

वजनात मोठा फरक पडल्यावर कपड्यांचे काय करावे, याविषयी मंडळाने मला बोलायला सांगितले आहे. वजन का बदलते हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. बाळंतपण, थायरॉइड, लांबलेले आजारपण अशी नाना कारणे सांगत बायका माझ्याकडे येतात, मी मात्र शिवणारी म्हणून त्यांचा ब्लाउज पाहते.

वजन वाढलेली बाई माप देताना बहुधा पोट आत ओढून उभी राहते आणि म्हणते, "थोडं घट्टच शिवा, दोन महिन्यांत उतरेल." मी तसे शिवत नाही. घट्ट ब्लाउजाचा मुंढा काखेत रुततो, पाठीवर आडव्या सुरकुत्या पडतात, आणि लग्नघरी बसलेल्या त्या बाईचे निम्मे लक्ष पदर सावरण्यातच जाते; लोक आपल्या अंगाकडे पाहत आहेत असे तिला वाटत राहते, वास्तविक तिला काचत असतो तो कपडा. त्याच अंगावर नीट मापाचा ब्लाउज चढला की ती आरशासमोर आधी हात वर करून पाहते आणि मग हळूच वळून पाठ पाहते.

जुना ब्लाउज टाकण्यापूर्वी आतली शिवण उलटून पाहा. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही भागांत इंच-इंच माया, म्हणजे शिवणीतले जादा कापड, सोडलेली असेल, तर ती सगळी न वापरताही छातीत दोन-तीन इंच सहज मिळतात.

वजन उतरलेल्यांचे दुखणे निराळे असते. ढगळ कपड्यांत माणूस आहे त्याहून खंगलेला दिसतो आणि भेटेल तो "बरं नाही का?" म्हणून विचारतो. त्यांनी ब्लाउज नुसता बाजूंनी आवळून घेऊ नये, कारण खांदा आणि मुंढा जुन्याच मापाचे राहतात आणि गळा घसरतो. फरक थोडा असेल तर खांद्यापासून उसवून बसवता येतो. फार असेल तर नवाच शिवावा, तो स्वस्त पडतो.

तयार कुर्त्यावरच्या आकड्याचा धसका घेण्याचे तर कारणच नाही. आपल्याकडे कित्येक कंपन्या परदेशी मापांच्या तक्त्यांवर चालत आल्या. भारतीय अंगाची मापे घेण्यासाठी 'निफ्ट' या फॅशनचे शिक्षण देणाऱ्या संस्थेने इंडियासाइज हा प्रकल्प अलीकडे हाती घेतला. एका दुकानातला 'एल' दुसऱ्या दुकानात 'एक्सएल' होतो, तेव्हा आकडा न पाहता घालून, बसून, वाकून पाहावे.

माझे एकच मागणे आहे: सगळे कपाट बदलू नका, पण आजच्या अंगाला बसणारे दोन-तीन जोड या महिन्यातच करून घ्या. टेप मी बरोबर आणली आहे. ज्यांना माप द्यायचे आहे त्यांनी चहानंतर आतल्या खोलीत यावे, आणि श्वास मोकळा सोडून उभे राहावे.