बाथरूममधील गळतीबाबत तक्रार

रत्नागिरी, 14 जुलै

कंत्राटदार महाशय,
स. न. वि. वि.

20 जूनला आपण फ्लॅट 203 चा ताबा दिलात. आठवड्याभरातच बाथरूमच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं. ‘पावसाची ओल आहे,’ असं तुमचा प्लंबर सांगून गेला. पण भिंत आतली आहे, आणि मुख्य कॉक बंद केला की ठिबकणं थांबतं. आता खालच्या काकूंच्या छताचे पोपडे पडताहेत. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते. आयुष्याची पुंजी घातली आहे हो या घरात.

रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला असा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. टाइल फोडून पाइपाचा जोड बदला. वरवर व्हाइट सिमेंट भरू नका. गणपतीपूर्वी काम पूर्ण हवं.

आपली,
फ्लॅट 203 ची मालकीण